चहाच्या पानावरचा फोड फोटोत कसा ओळखायचा: ब्लिस्टर ब्लाइट आणि त्याच्यासारखे दिसणारे बाकीचे

बडोद्यात चहाचं झुडूप बघायला मिळणं शक्यच नाही, एप्रिलमध्ये पारा बेचाळीसवर जातो आणि चहाला हवं धुकं, म्हणून मी जी काही चहाची आजारी पानं बघतो ती जवळजवळ सगळी फोटोतूनच. माझा भाचा वालपाराईला, म्हणजे तमिळनाडूतल्या अनैमलाईच्या डोंगरात, एका चहाच्या मळ्यात असिस्टंट मॅनेजर आहे. मी इथे कॉलेजात बॉटनी शिकवतो, त्यामुळे पावसाळा लागला की त्याचे फोटो सुरू होतात, "मामा, हे ब्लिस्टरच आहे ना?" आणि खरं सांगायचं तर पहिल्या फोटोवरून उत्तर देता येतच नाही, आणि का देता येत नाही हे समजलं की ओळखायचं कसं हे पण आपोआप समजतं. तर आज तेच नीट लिहितो. दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या दोघा-तिघांची मुलं आता तिकडे चहा-कॉफीच्या मळ्यांवर नोकरीला आहेत, त्यांच्याही कामी येईल.

आधी आजार काय आहे ते. ब्लिस्टर ब्लाइट ही बुरशी आहे, नाव एक्सोबॅसिडियम वेक्सान्स. आसाममध्ये 1868 मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली, पण दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत ती पोचली थेट 1946 मध्ये, आणि तिथल्या धुक्याच्या डोंगरात तिने कायमचं बस्तान मांडलं. हिच्या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवायच्या. एक, ही फक्त जिवंत चहाच्या पानावरच जगते, दुसरं कुठलं झाड तिला चालत नाही, वाळलेल्या पानावर पण ती राहत नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती फक्त कोवळ्या पानाला आणि कोवळ्या हिरव्या काडीला लागते. पान साधारण महिन्याभराचं झालं, कडक झालं, की त्याला ती शिरकाव करूच शकत नाही. आणि चहात तोडतात काय, तर कळी आणि दोन-तीन कोवळी पानं, म्हणजे आपण ज्याचा चहा पितो नेमका तोच भाग ती खाते, म्हणून हा आजार एवढा जिव्हारी लागतो.

आता पानावर काय काय होतं ते क्रमाने बघू, कारण फोटो ओळखायचा म्हणजे या क्रमातला कुठला टप्पा समोर आहे ते ओळखायचं.

बीजाणू हवेतून येऊन ओल्या पानावर पडतो आणि रुजतो. तीन ते दहा दिवस बाहेरून काहीच दिसत नाही किंवा टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका दिसतो. हा ठिपका पान हातात सपाट धरून बघितला तर निसटतो, पण पान उजेडासमोर धरलं की तेवढा भाग पारदर्शक दिसतो, फरसाणाच्या पुडीच्या कागदावर तेलाचा डाग पडतो ना, अगदी तसा. मग तो ठिपका वाढत जातो, गोल होतो, तीन मिलिमीटरपासून बारा-साडेबारा मिलिमीटरपर्यंत. वरच्या बाजूला तिथे खळगा पडतो, खळग्याचा रंग फिकट हिरवा-पिवळा, कधी गुलाबीसर, आणि पृष्ठभाग चकचकीत. खालच्या बाजूला तेवढाच भाग फुगून वर येतो, हाच तो फोड. आणि मग एक दिवस त्या फुगलेल्या भागावर पांढरी मखमल चढते, ती मखमल म्हणजे बीजाणूंचा थर. त्यानंतर तो भाग तपकिरी होतो, वाळतो, गळून पडतो आणि पानाला भोक राहतं. क्वचित उलटंही होतं, खळगा खाली आणि फोड वर, पण ते कमी.

सुरुवातीपासून पांढऱ्या मखमलीपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे लागतात, हवेवर अवलंबून, ओलसर आणि थंड असेल तर लवकर.

आता बघा, वरच्या बाजूने फोटो काढला तर काय येतं? एक फिकट गोल डाग. फिकट गोल डाग पानावर पन्नास कारणांनी पडतो. खात्री पटवणारी गोष्ट सगळी खालच्या बाजूला आहे. म्हणून भाच्याला मी पहिल्या दिवशी सांगितलं की एकाच पानाचे दोन फोटो पाहिजेत, वरचा आणि खालचा, त्याच पानाचे, वेगवेगळ्या पानांचे नाही. आणि शक्य असेल तर तिसरा, पान आकाशाकडे धरून खालून काढलेला, म्हणजे पारदर्शक ठिपके पकडता येतात. वर खळगा आणि बरोबर त्याच जागी खाली फोड, ही जोडी जुळली की दुसरं काही असण्याची शक्यता फारच थोडी राहते.

आता एक खरी केस सांगतो, गेल्या जुलैची, म्हणजे सगळं कसं जोडायचं ते दिसेल.

भाच्याने सकाळी काही फोटो टाकले आणि खाली लिहिलं, पूर्ण सेक्शनला ब्लिस्टर आलाय, मॅनेजर साहेब विचारतायत फवारणी वाढवायची का. मी एकेक उघडून बघितला. पहिला फोटो लांबून काढलेला, झुडपांचा सपाट हिरवा पट्टा आणि त्यावर तपकिरी ठिपके ठिपके. यावरून काही म्हणजे काहीच कळत नाही, पण एक कळलं की त्रास एका कोपऱ्यात जास्त होता, जिथे सावलीची झाडं दाट दिसत होती. हे लक्षात ठेवलं.

दुसऱ्या फोटोत एक मोठं, गडद हिरवं, जाड पान, त्याच्या कडेपासून आत आलेला तपकिरी डाग, मधला भाग राखाडी पडलेला, त्यात वर्तुळात वर्तुळ अशा रेषा, आणि झूम केल्यावर बारीक काळे टिपके. हे ब्लिस्टर नाहीच. पहिलं कारण डागाचं नाही, पानाचं आहे. पान जुनं आहे, जाड आहे, आणि जुन्या पानाला ब्लिस्टर लागत नाही. हा ग्रे ब्लाइट, पेस्टलोटिऑप्सिस नावाच्या बुरशीचा, तो बहुतेक वेळा जिथे पानाला जखम झालीये, कात्रीने तोडणीत कापलं गेलंय, उन्हाने भाजलंय, तिथून आत शिरतो, म्हणून कडेपासून सुरू होतो. अगदी याच्यासारखाच दिसणारा ब्राऊन ब्लाइट असतो, वेगळ्या बुरशीचा, कोलेटोट्रिकमचा, आणि या दोघांना फोटोवरून वेगळं करायचा प्रयत्न करू नये. ते काम मायक्रोस्कोपचं. पेस्टलोटिऑप्सिसचा बीजाणू पाच पेशींचा असतो, मधल्या तीन रंगीत आणि टोकाला केसासारखे तंतू, कोलेटोट्रिकमचा बीजाणू साधा, एका पेशीचा, बिनरंगाचा. एका नजरेत फरक कळतो, पण नजर लेन्समधून पाहिजे. भाच्याला सांगितलं, ही पानं वर्तमानपत्रात गुंडाळून कुरियर कर, प्लास्टिकच्या पिशवीत नको, प्लास्टिकमध्ये पान घामेजतं आणि येईपर्यंत त्यावर सतरा भलत्याच बुरश्या वाढतात.

तिसऱ्या फोटोत कोवळी पानं होती, म्हणून इथे घाईत फसायला होतं. पानावर बारीक तपकिरी-काळे ठिपके, भरपूर, पण गोल नाहीत, जरा कोनदार, आणि पान आत वळलेलं, सुकल्यासारखं. खळगा नाही, फुगा नाही. ही बुरशी नाहीच, हा टी मॉस्किटो बगचा मार आहे, हेलोपेल्टिस म्हणतात, तो किडा सोंड खुपसून रस पितो आणि जिथे जिथे खुपसतो तिथे ठिपका पडतो. एका पानावर किती ठिपके आहेत ते बघा. एकाच पानावर एकाच आकाराचे ढीगभर ठिपके आणि पान वळलेलं असेल तर आधी किड्याचा विचार करायचा. यात चूक झाली तर महागात पडतं कारण बुरशीचं औषध मारून किडा मरत नाही, दोन आठवडे वाया जातात आणि किडा पुढच्या कोंबांवर जातो.

चौथ्या फोटोत मात्र तिसऱ्या पानावर साधारण आठ मिलिमीटरचे दोन गोल खळगे, चकचकीत. त्याने शेजारी एक रुपयाचं नाणं धरलं होतं म्हणून मापाचा अंदाज आला, ही सवय फार चांगली. खालच्या बाजूचा फोटो मागवला. आला तो पांढरट दिसत होता, पण पान ओलं होतं, आणि ओल्या पानावर उजेड चमकला तरी पांढरंच दिसतं. मग परत मागवला, पान हलक्या हाताने फुंकर मारून कोरडं करून, फ्लॅश बंद ठेवून, आणि दोन वेगवेगळ्या कोनातून. चमक असेल तर कोन बदलला की ती सरकते. बीजाणूंची मखमल सरकत नाही, ती दोन्ही फोटोंत त्याच जागी, तशीच मळकट पांढरी, न चमकणारी दिसते. दिसली. म्हणजे ब्लिस्टर ब्लाइट, आणि बीजाणू सोडायच्या टप्प्यावर पोचलेला.

आणि इथून खरं काम सुरू होतं, कारण आजाराचं नाव कळलं म्हणजे झालं असं नाही, तो कधीचा आहे हे कळायला पाहिजे. ते पान सांगतं. चहाच्या कोंबावर टोकाला कळी, मग पहिलं पान, दुसरं, तिसरं, असं खाली खाली वय वाढत जातं, कारण कळीतून दर काही दिवसांनी नवीन पान उलगडतं आणि जुनं एक पायरी खाली ढकललं जातं. आज तिसऱ्या पानावर पांढरा फोड असेल तर बीजाणू त्या पानावर पडला तेव्हा ते पान कळीजवळ होतं, म्हणजे दोन-तीन आठवड्यांपूर्वी. मी विचारलं, तेव्हा हवा कशी होती? सलग पाऊस, ऊन नावाला नाही. बरोबर जुळलं. या बुरशीला पान ओलं लागतं, हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर दमटपणा काही दिवस सलग लागतो, आणि सतरा ते बावीस अंशाची थंडाई. आणि ऊन तिचं वैरी, थेट उन्हात बीजाणू लवकर मरतात. म्हणूनच श्रीलंकेत फवारणी करायची की नाही हे ठरवताना रोजचं ऊन किती तास पडलं ते मोजण्याची पद्धत बसवली गेली, दिवसाला सरासरी चार तासांच्या खाली गेलं की सावध व्हायचं. आणि म्हणूनच दाट सावलीचा कोपरा पहिल्या फोटोत जास्त आजारी दिसत होता, त्या फोटोचा उपयोग एवढाच, पण झाला.

मग मी पाचवा फोटो मागवला, जो त्याने काढलाच नव्हता: त्याच झुडपांचं पहिलं आणि दुसरं पान, वरून निरोगी दिसणारं, आकाशासमोर धरून. त्यात पारदर्शक ठिपके निघाले, बारीक, चार-पाच. हा खरा महत्त्वाचा फोटो. याचा अर्थ दुसरी पिढी आधीच पानात शिरलेली आहे, फक्त दिसत नाही. पांढरा फोड दिसतो तेव्हा आपण एक फेरी मागे असतो, जे पेरायचं ते पेरून झालेलं असतं.

असं का झालं ते पण त्याच्याच बोलण्यातून निघालं. पावसात मजूर कमी आले आणि तोडणीची फेरी लांबली. एरवी आठ-दहा दिवसांत त्या झुडपावर परत हात फिरतो, तेव्हा आजार लागलेलं कोवळं पान फोड पिकायच्या आत तोडून नेलं जातं, बुरशीला बीजाणू करायला वेळच मिळत नाही. फेरी लांबली की तीच पानं झाडावर राहतात, पिकतात, आणि शेजारच्या सगळ्या नव्या कळ्यांवर पसरतात. म्हणून पहिला उपाय औषध नाही, फेरी परत आखूड करणं हा आहे, त्या कोपऱ्यातून सुरुवात करून. औषधाचं मी मोघम सांगितलं कारण ते ठरवणं मळ्याचं काम आहे, पण तत्त्व असं: तांब्याचं औषध, म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराईड, पानावर आधी बसलेलं असेल तर बीजाणूला रुजू देत नाही, पण आत शिरलेल्या बुरशीला ते काही करत नाही. आत शिरलेल्यासाठी पानात मुरणारं औषध लागतं, हेक्साकोनाझोलसारखं, आणि ते पारदर्शक ठिपक्याच्या टप्प्यावर चालतं, पांढरी मखमल आल्यावर उपयोग थोडा. म्हणजे टप्पा ओळखला नाही तर औषध बरोबर असूनही चुकतं. कुठलं औषध चहावर चालतं आणि फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही, हे टी बोर्डच्या प्लांट प्रोटेक्शन कोडमध्ये दिलेलं आहे, ते उघडून बघितल्याशिवाय दुकानदाराच्या सांगण्यावरून काही मारू नये, शेवटी ते पान उकळून कोणीतरी पिणार आहे.

छाटणी झालेल्या सेक्शनचं वेगळं सांगायला हवं. छाटल्यावर पूर्ण झुडूपच कोवळं फुटतं, म्हणजे सगळंच बुरशीला उघडं, आणि तिथे फोड काडीवर पण येतो. काडीवर आला की त्याच्या वरचा सगळा कोंब वाळतो, कधी तिथूनच मोडतो. म्हणून छाटलेल्या सेक्शनचा फोटो काढताना पानांबरोबर हिरव्या काड्यांचाही जवळून काढा, तिथला फोड छोटा असतो पण नुकसान मोठं.

अजून एक गोंधळ घालणारी गोष्ट म्हणजे शेवाळाचा डाग. गोल, जरा उठावदार, नारिंगी-तपकिरी, मखमली, पण पानाच्या वरच्या बाजूला आणि जुन्या पानावर. हे सेफाल्युरॉस, बुरशी नाही, शेवाळ. त्याचा एक भाऊबंद चहाच्या काड्यांवर रेड रस्ट म्हणून येतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर आंब्याच्या, पेरूच्या पानांवर असेच नारिंगी मखमली डाग दिसतात, कमाटी बागेत फिरायला गेलात तर आंब्याची खालची पानं उलटसुलट करून बघा, डोळ्याला चांगली सवय होते. वर मखमल आणि जुनं पान म्हणजे शेवाळ, खाली मखमल आणि कोवळं पान म्हणजे ब्लिस्टर, असं साधं धरलं तरी बहुतेक वेळा बरोबर येतं.

कॉफीवाल्यांसाठी थोडक्यात, कारण चिकमगळूर आणि कोडगूकडून पण फोटो येतात. कॉफीला ब्लिस्टर ब्लाइट होत नाही. तिथला मोठा आजार तांबेरा, हेमिलिया व्हास्टाट्रिक्स, ज्याने 1869 पासून पुढे श्रीलंकेतली कॉफी जवळजवळ संपवली आणि त्या जमिनीवर चहा आला. अरेबिकाला जास्त लागतो. वरून बघितलं तर पिवळसर डाग, खालून बघितलं तर नारिंगी पावडर, बोट फिरवलं की बोटाला लागते. गव्हाचा तांबेरा ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. इथे चहाच्या उलट, पूर्ण वाढलेल्या पानांवर दिसतो आणि पानं गळतात. पण एक मात्र नीट बघा: कधी कधी त्या नारिंगी पावडरीवर पांढरी बुरशी चढलेली दिसते आणि लोक घाबरून दुसरा आजार आला म्हणतात. ती लेकॅनिसिलियम नावाची बुरशी असते, ती कॉफीला खात नाही, तांबेऱ्यालाच खाते. फोटोत पांढऱ्याच्या कडेला नारिंगी उरलेलं दिसलं तर तेच. आणि डाग गोल, मध्ये राखाडी, भोवती तपकिरी आणि बाहेर पिवळी कड, डोळ्यासारखा, खाली पावडर नाही, असं असेल तर सर्कोस्पोरा, तांबेरा नव्हे.

फोटो पाठवताना शेवटच्या दोन-तीन गोष्टी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि काळे टिपके, पांढरी मखमल सगळं पुसट होतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोन पानाच्या अगदी जवळ नेऊ नका, बऱ्याच फोनला दहा सेंटिमीटरच्या आत फोकस होतच नाही, थोडं मागे येऊन झूम करा. फिल्टर, रंग उजळवणारी सेटिंगं बंद ठेवा, कारण नारिंगी आणि तपकिरी यातला फरक तिथेच जातो. आणि पान तोडायच्या आधी एक फोटो कोंबावर असतानाचा काढा, कळीसकट, म्हणजे ते कितवं पान आहे ते मोजता येतं. तोडून हातात घेतलेल्या एकट्या पानाचा फोटो आला की त्याचं वय कळत नाही, आणि वय कळलं नाही तर निम्मं निदान तिथेच अडतं.

त्या सेक्शनचं पुढे असं झालं की फेरी आखूड केली, सावलीच्या झाडांच्या खालच्या फांद्या उतरवल्या, औषध मॅनेजर साहेबांनी ठरवलं तसं दिलं, आणि भाचा आता दर फेरीच्या आधी त्या कोपऱ्यातले शंभर कोंब वाटेल तिथून तोडून, त्यातले किती लागलेले आहेत ते मोजून वहीत लिहितो, पारदर्शक ठिपक्यांचा रकाना वेगळा आणि पांढऱ्या फोडांचा वेगळा.